किरणोत्सवाचा लांबलचक प्रश्न आणि दोन खरी वाक्ये

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातून किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणे देवीपर्यंत पोचण्याचा सोहळा, पाहून बाहेर पडताना माझ्या आठ वर्षांच्या भाचीने महाद्वारापाशी उभे राहून एका दमात विचारले, "आत्या, सूर्य तर रोज मावळतोय, मग किरणं तीनच दिवस देवीपर्यंत का जात्यात, आणि आता एकदा आणि परत जानेवारीत एकदा असं दोनदाच का, आणि तो देवीसाठी मुद्दाम येतोय का, आणि आज ढग नव्हते तरी किरणं कमरेपर्यंतच का थांबली?" मी घाईत उत्तर दिले, की देवळाचे तोंड पश्चिमेला आहे आणि सूर्य पश्चिमेला मावळतो म्हणून. तिने क्षणभर विचार करून म्हटले, "मग रोज का नाही?"

माझे उत्तर सोपे होते, पण ते चुकीचे होते, आणि ते चुकीचे असल्याचे तिला माझ्या आधी कळले. अशा प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत, मुलाला झेपेल असे आणि तरीही खरे कसे द्यावे, याची पद्धत या एकाच प्रश्नाच्या आधारे पुढे मांडली आहे. ज्या घरांत किरणोत्सवाविषयी हेच विचारले जाते, त्यांना उत्तरही आयते मिळेल.

पहिली पायरी : प्रश्नातली गाठ शोधणे

लांब प्रश्नात अनेक प्रश्न असतात, पण मुलाच्या मनात अडकलेली गोष्ट बहुधा एकच असते. म्हणून प्रश्न पूर्ण होऊ द्यावा, मध्येच पहिल्या तुकड्याचे उत्तर देऊ नये, आणि मग त्याचे तुकडे मनाशी वेगळे करावेत. वरच्या प्रश्नात चार तुकडे आहेत : रोज का नाही, दोनदाच का, मुद्दाम का, आणि आज कमरेपर्यंतच का. यांतले पहिले दोन वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकच आहे. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोहोंतून आपोआप निघते. चौथा मात्र खरोखर निराळा आहे. तो हवेविषयीचा प्रश्न आहे, दिशेविषयीचा नाही. त्याला याच दोन वाक्यांत कोंबले, तर दोन्ही उत्तरे बिघडतात. त्याच्यासाठी "ते मी तुला जेवताना सांगते" असे म्हणून वेगळी दोन वाक्ये राखून ठेवावीत, आणि जेवताना ती खरोखर सांगावीत.

तुकडे केल्यावर मुलाला उलट एकच प्रश्न विचारावा, आणि तो त्याच्या समजुतीविषयी असावा. मी विचारले, "सूर्य रोज कुठे मावळतो?" उत्तर आले, "पश्चिमेला." "पश्चिमेला म्हणजे कुठे?" तिने समोर बोट दाखवले आणि म्हणाली, "तिथंच की, रोज." गाठ तिथे होती. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो, आणि दिशा ओळखण्यापुरते ते पुरतेही. परंतु त्यातून मूल असे समजते, की क्षितिजावर सूर्याची एक ठरलेली जागा आहे आणि तो रोज त्याच जागी बुडतो. ही समजूत धरून चालले तर किरणोत्सव हा चमत्कारच ठरतो, कारण रोज एकाच जागी मावळणाऱ्या सूर्याने ठरावीक दिवशीच आत येण्याला काही कारण उरत नाही. तिचा तर्क अगदी बरोबर होता. तिला दिलेले आधीचे वाक्य अपुरे होते.

दुसरी पायरी : आधी स्वतःसाठी पूर्ण उत्तर मांडणे

दोन वाक्यांचे उत्तर दोन वाक्यांच्या माहितीतून निघत नाही. मोठ्या माणसाने आधी कागदावर, किंवा निदान मनात, सबंध हकीकत मांडावी. या प्रश्नापुरती ती अशी आहे.

सूर्याची मावळण्याची जागा वर्षभर क्षितिजावर मागेपुढे सरकत असते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला मावळतो. २१ जूनच्या सुमारापर्यंत ती जागा उत्तरेकडे जाते, आणि तिथून परत फिरून २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे जाते. कोल्हापूरच्या अक्षांशावर ती पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४ ते २५ अंशांपर्यंत जाते. किरणोत्सवाचे परंपरेने चालत आलेले दिवस ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी असे आहेत. या दोन्ही वेळी सूर्य कोल्हापुरात पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. हात लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे हे अंतर जवळजवळ दोन मुठींचे आहे. यावरूनच दिसते, की मंदिराला आपण पश्चिमाभिमुख म्हणत असलो, तरी महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत उजेडाला मोकळी मिळणारी वाट काटेकोर पश्चिमेकडे उघडत नाही, ती थोडी दक्षिणेकडे कललेली आहे. ती अगदी पश्चिमेकडे असती, तर किरणोत्सव मार्च आणि सप्टेंबरात आला असता.

नोव्हेंबरात ही जागा दक्षिणेकडे जाताना त्या वाटेच्या रेषेवरून जाते आणि फेब्रुवारीच्या तोंडावर परत येताना पुन्हा त्याच रेषेवरून जाते. त्या काळात ती दर दिवशी साधारण अर्ध्या सूर्यबिंबाएवढी सरकते. त्यामुळे रेषा काही दिवसच जुळते आणि मग मोडते. हे सगळे घडते ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे, आणि तो कल कायम ठेवून ती सूर्याभोवती फिरत असल्यामुळे.

तिसरी पायरी : काय वगळावे आणि काय वगळू नये

वगळणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पण वगळल्यानंतर जे उरते, त्याचा अर्थ बदलता कामा नये. यासाठी मी एक कसोटी वापरते. वगळायची गोष्ट काढून टाकल्यावर उरलेल्या वाक्यावरून मूल आणखी काय काय अनुमान काढेल, ते पाहावे. अनुमान अपुरे निघाले तर हरकत नाही. ते उलटे निघाले, तर ती गोष्ट परत आणावी.

अंशांचे आकडे काढून टाकले, तर काहीही उलटे होत नाही. पृथ्वीचा कललेला अक्ष काढला, तरी नाही. मुलीने तो विचारलेला नाही आणि तिची गाठ त्याच्याशिवाय सुटते. "पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून" हे उत्तर अनेक जण देतात. ते खरे आहे, पण त्याने तिच्या कुठल्याच तुकड्याला हात लागत नाही, कारण पृथ्वी तर मे महिन्यातही फिरतच असते. खरे असूनही निरुपयोगी असलेले वाक्य दोहोंपैकी एकाची जागा अडवते, आणि आपल्याकडे जागा दोनच आहेत.

याउलट तीन गोष्टी काढता येत नाहीत. पहिली, मावळण्याची जागा सरकते. ती काढली, तर पुन्हा "मग रोज का नाही" उभे राहते. दुसरी, ती जागा जाते आणि परतही येते. ती काढली, तर एकदाच का नाही, याचे उत्तर जाते. तिसरी, दाराशी रेषा जुळावी लागते. ही काढली, तर मूल समजते, की किरणोत्सवाच्या दिवशी सूर्यच काही वेगळा असतो, अधिक तेजस्वी किंवा अधिक जवळ.

याच ठिकाणी मी दुसऱ्यांदा चुकता चुकता राहिले. "हिवाळ्यात सूर्य लांब जातो" असे वाक्य ओठावर आले होते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला वर्षातून सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दोन किरणोत्सवांच्या मधल्या काळात. सोपे करण्याच्या नादात आलेले हे वाक्य सरळसरळ उलटे होते, आणि ते मुलीच्या मनात ऋतूंच्या धड्यापर्यंत टिकून राहिले असते.

चौथी पायरी : दोन वाक्ये जुळवणे

पहिल्या वाक्यात नवी वस्तुस्थिती द्यावी, म्हणजे मुलाच्या समजुतीत जे चुकले होते ते दुरुस्त करणारी गोष्ट. दुसऱ्या वाक्यात त्या वस्तुस्थितीपासून मुलाने विचारलेल्या घटनेपर्यंत यावे. मी सांगितले ते असे :

"सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही, त्याची मावळायची जागा रोज थोडी सरकते, डिसेंबरपर्यंत देवीच्या डाव्या हाताला जाते आणि मग परत फिरते. जाताना एकदा आणि येताना एकदा ती जागा देवीच्या दाराच्या बरोबर रेषेत येते, आणि त्याच दिवसांत किरणं आतपर्यंत पोचतात."

यातला शब्दन् शब्द तपासून घेतलेला आहे, आणि तो कसा तपासला ते सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. "सूर्य सरकतो" असे न म्हणता "मावळायची जागा सरकते" असे म्हटले. पुढे शाळेत पृथ्वी फिरते हे शिकल्यावर पहिले वाक्य मागे घ्यावे लागेल, पण दुसरे कधीच मागे घ्यावे लागणार नाही, कारण ती जागा आपल्याला सरकताना खरोखर दिसते. "दक्षिणेकडे" ऐवजी "देवीच्या डाव्या हाताला" म्हटले, कारण पश्चिमेकडे तोंड केलेल्याचा डावा हात दक्षिणेला येतो आणि मुलाला ते उभे राहून करून पाहता येते. "तीनच दिवस" हे तिचे शब्द मी परत वापरले नाहीत. रेषा जुळणे हे हळूहळू होते आणि मोडणेही हळूहळू, त्यामुळे त्या तारखांच्या मागेपुढेही उजेड बराच आत येतो. "त्याच दिवसांत" एवढे म्हणणे पुरते आणि खरे राहते. "फक्त", "नेहमी", "कधीच नाही" या शब्दांनी वाक्य सोपे झाल्यासारखे वाटते, पण बहुतेक वेळा खोटेपणा शिरतो तो याच शब्दांतून.

"डिसेंबरपर्यंत" या शब्दासाठी तर घरात वाद झाला. सूर्य संक्रांतीला वळतो, तेव्हा "संक्रांतीपर्यंत" म्हण, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते. ही शंका कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजून मिटवता येते. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर हे ४२ दिवस होतात आणि २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४१. जाणे आणि येणे जवळजवळ सारखे भरते. मावळतीची जागा १४ जानेवारीला वळत असती, तर १० नोव्हेंबरपासून ६५ दिवस जाण्याचे आणि तेवढेच परत येण्याचे धरून दुसरा किरणोत्सव २० मार्चच्या सुमारास आला असता. संक्रांत ही सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशाची तिथी आहे. दिसणारे वळण तिच्या सुमारे तीन आठवडे आधीच होऊन गेलेले असते. हे सगळे मुलीला सांगायची गरज नाही, मात्र "संक्रांतीपर्यंत" हा शब्द तिच्या वाक्यात जाऊ द्यायचा नाही.

"मुद्दाम येतो का" याला वेगळे वाक्य लागले नाही. वाक्ये ऐकल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे तो नेहमीसारखाच जात असतो, मधे दार येतंय." आजी म्हणतात की सूर्य देवीच्या पाया पडायला येतो. ते भक्तीचे बोलणे आहे, ते खोडून काढण्याचे कारण नाही. आजींनी ते "रोज का नाही" याचे उत्तर म्हणून सांगितलेले नाही. मात्र दुसऱ्या टोकाचा मोहही टाळावा. "जुन्या लोकांनी हिशेब करून मुद्दाम तसे बांधले" हे तिसरे वाक्य जोडले की उत्तर रंगतदार होते. पण तो बांधणाऱ्यांच्या मनातल्या हेतूविषयीचा दावा आहे आणि रेषा जुळते एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. उत्तर त्याच्यावाचून पूर्ण उभे राहते, म्हणून तो घालू नये.

पाचवी पायरी : उत्तर पोचले की नाही हे पाहणे

"कळले का?" असे विचारू नये, मूल "हो" म्हणते. त्याऐवजी उत्तरातून निघणारा पण आपण न सांगितलेला एखादा परिणाम विचारावा. मी विचारले, "मग नाताळात सूर्य कुठे मावळत असेल, दाराच्या रेषेत की बाजूला?" तिने डावा हात आणखी बाहेर ताणून दाखवला. तिने "रेषेत" असे उत्तर दिले असते, तर पहिले वाक्य पोचले नाही असे समजून, शब्द न वाढवता, हाताने जागा दाखवत तेच पुन्हा सांगितले असते.

शक्य असेल तर मुलाला स्वतः पडताळून पाहू द्यावे. पश्चिमेच्या खिडकीच्या एका गजाची सावली समोरच्या भिंतीवर पडते, तिच्यावर सूर्यास्ताच्या १० मिनिटे आधी पेन्सिलीने खूण करावी आणि आठ दिवसांनी पुन्हा सूर्यास्ताच्या १० मिनिटे आधीच दुसरी खूण करावी. भिंत खिडकीपासून ३ मीटर असेल, तर नोव्हेंबरात दोन खुणांमध्ये सुमारे १२ सेंटीमीटर अंतर पडते. सूर्य दक्षिणेकडे सरकला की सावली उत्तरेकडे जाते, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मूल गोंधळते. सूर्याकडे रोखून पाहू देऊ नये. सावलीचा मार्ग निवडण्याचे मुख्य कारण तेच आहे. आणि हा प्रयोग नाताळच्या सुट्टीत मुळीच सुरू करू नये, कारण २२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे ती जागा वळणावर असते आणि आठवड्यात जवळजवळ हलत नाही. भिंतीवर दोन्ही खुणा एकमेकींवर पडतील आणि आत्या खोटे बोलली, असा निष्कर्ष निघेल. आणि भिंतीवरच्या पुराव्यानुसार तो बरोबरही असेल.

राहिलेल्या तुकड्याची दोन वाक्ये

जेवताना चौथ्या तुकड्याची आठवण तिनेच करून दिली. किरणे गरुड मंडपातून पितळी उंबऱ्यावरून आत येतात आणि सूर्य खाली जाईल तशी देवीच्या पायांपासून वर वर चढतात, हे तिने पाहिलेले होते, म्हणून ते सांगावे लागले नाही. मी म्हटले : "सूर्य जितका खाली जातो तितकी त्याची किरणं देवीवर वर चढतात, पण तितकाच त्यांना जमिनीजवळच्या जास्त हवेतून यावं लागतं, आणि त्या हवेत धूळ किंवा वाफ असली की ढग दिसत नसला तरी उजेड फिका होत जातो. आज तो चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच असा फिका झाला असेल."

इथे दुसऱ्या वाक्यातला "असेल" महत्त्वाचा आहे. पहिले वाक्य दरवेळी खरे आहे, म्हणून ते ठामपणे सांगितले. त्या विशिष्ट संध्याकाळी मात्र कारण धूळ होते, की वाटेतल्या एखाद्या इमारतीचा कोपरा, हे मी मोजले नव्हते. शंका असेल तिथेच "असेल" ठेवावे. सगळ्याच वाक्यांना ते लावले, तर कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे मुलाला ओळखता येत नाही, आणि कुठेच लावले नाही, तर आपल्या अंदाजाला ते माहिती समजते.

उत्तर तिथेच थांबत नाही

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी आम्ही पुन्हा रांगेत उभे होतो. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळला होता, आता साडेसहा होत आले होते. तिने विचारले, "जागा तीच आहे, मग वेळ तीच का नाही?" माझ्याकडे दोन वाक्ये तयार नव्हती, म्हणून मी "उद्या सांगते" म्हटले. रांगेत उभे असताना "उन्हाळा येतोय ना, दिवस मोठा झालाय" असे सांगून वेळ मारून नेता आली असती, पण ते खोटे ठरले असते. घरी येऊन कॅलेंडर पाहिले : १० नोव्हेंबरला सूर्योदय साडेसहाच्या थोडा पुढे आणि १ फेब्रुवारीला सातच्या थोडा पुढे, म्हणजे सूर्य मावळतो अर्धा तास उशिरा आणि उगवतोही अर्धा तास उशिरा. दोन्ही दिवसांची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे ११ तास २५ मिनिटे.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितले : "नोव्हेंबरातला तो दिवस आणि आजचा दिवस सारख्याच लांबीचे आहेत, पण आजचा सगळा दिवसच घड्याळात अर्धा तास पुढं सरकलाय. सूर्य आकाशात सगळ्यात वर येतो ती वेळ घड्याळात वर्षभर एकच नसते, म्हणून उगवणं आणि मावळणं दोन्ही तेवढंच उशिरा होतं." ती वेळ एकच का नसते, हा पुढचा प्रश्न त्यात उघडाच राहिला आहे. तिने अजून तो विचारलेला नाही; कॅलेंडरचे दोन महिने मात्र ती स्वयंपाकघरातल्या भिंतीशी उभी राहून बोटाने मिळवून पाहत होती.